शेवटी अडकलेली प्रोसेस मारून डेडलॉक सुटतो का?

«डेडलॉक झाला की सगळ्यात शेवटी अडकलेली प्रोसेस मारायची, बाकीच्या आपोआप सुटतात.»

नाही. डेडलॉक म्हणजे प्रोसेस एकमेकींच्या ताब्यातल्या साधनांसाठी थांबून कायमच्या अडकणं. वेट-फॉर ग्राफ, म्हणजे कोण कोणासाठी थांबलंय याची आकृती, काढून पाहा. प्रत्येक कुलूप, म्हणजे एखादं साधन वापरण्याचा ताबा, एका वेळी एकाच प्रोसेसकडे आहे असं धरू. P1 ही P2 साठी थांबली आहे, P2 ही P3 साठी आणि P3 ही P1 साठी. थोड्या वेळाने P4 आली आणि तीही P1 साठी थांबली. तपासणी नंतर चालली, तेव्हा शेवटची अडकलेली P4 होती. तिला मारलं, तरी तिघींचं वर्तुळ जसंच्या तसं राहतं, कारण P4 साठी कोणीच थांबलेलं नाही. बळी वर्तुळातलाच हवा.

आता तिघींपैकी कोण? P1 चं 40 मिनिटांचं गणित झालंय, P2 फाइल अर्धी लिहून बसली आहे, P3 दोन सेकंदांपूर्वी सुरू झाली आणि फक्त वाचते आहे. P3 थांबवणं सर्वांत स्वस्त. तिचं कुलूप P2 ला मिळतं, P2 संपली की P1 पुढे सरकते, मग P4. P3 नंतर पुन्हा सुरू करायची.

इथेच एक धोका आहे, आणि तो बऱ्याचदा विसरला जातो: फक्त स्वस्ताई पाहिली, तर दर वेळी बळी P3 च जाईल आणि तिचं काम कधीच पूर्ण होणार नाही. म्हणून ती आधी किती वेळा मारली गेली, हेही हिशेबात धरावं लागतं.

एकाच प्रकारची दोन साधनं असतील, तर मात्र वर्तुळ दिसूनही डेडलॉक नसू शकतो. वर्तुळाबाहेरची प्रोसेस त्यातलं एक साधन मोकळं करू शकते.