बाईंना समई नको, मुलांची पानं द्या

आज सकाळी डबा भरत होते तेवढ्यात वर्गाच्या ग्रुपवर मेसेज पडला. निकालाच्या दिवशी बाईंना चांदीची समई द्यायची, प्रत्येकी ५०० रुपये, संध्याकाळपर्यंत. खाली बत्तीस मुलांची यादी आणि ज्यांचे पैसे आले त्यांच्यापुढे हिरवी खूण! तिसरीच्या वर्गासाठी सोळा हजार रुपये!

वर्गातल्या एका मुलीची आई फोंड्याच्या बाजारात अबोलीचे गजरे विकते. तिच्या लेकीच्या नावापुढची रिकामी जागा आज बत्तीस घरांनी बघितली. कुणाला लाज वाटली नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, "ताई, वर्षातून एकदाच असतं." एकदाच कुठे? शिक्षकदिनाला दोनशे झाले, वाढदिवसाच्या केकचे वेगळे, चतुर्थीच्या सुट्टीआधी मिठाईचा बॉक्स. आणि दर वेळी हीच यादी, हीच खूण.

बाईंना तरी विचारलंय कुणी? मागच्या वर्षीच्या बाईंनी मला कपाट उघडून दाखवलं होतं. 'बेस्ट टीचर' छापलेले मगच मग, काही तर खोक्यातच. म्हणाल्या, "महागाचं काही घेतलं की दुसऱ्या आयांच्या तोंडाकडे बघायला नको वाटतं." आणि पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. एका मुलाने लिहिलं होतं, "मी उलटी केली तेव्हा तुम्ही रागावला नाही." तो कागद त्या रोज जवळ बाळगतात.

हे सोळा हजारांत मिळतं का?

मी ग्रुपवर लिहून टाकलंय. प्रत्येक मुलाला एक सुटं पान द्या. वही फिरवू नका, ती कुणाच्या तरी घरी अडकते आणि शेवटच्या दहा मुलांना मिळतच नाही. "बाई खूप चांगल्या आहेत" असं लिहून घेऊ नका. एवढंच विचारा, की बाईंनी काय केलं तेव्हा तुला बरं वाटलं? आणि मग बाजूला व्हा. ऱ्हस्वदीर्घ सुधारू नका. जोडाक्षरं एकदम बरोबर आली की आईने सांगून लिहवलंय हे बाईंना पहिल्या ओळीतच कळतं. माझ्या लेकीने लिहिलं, "सातचा पाडा येत नव्ता, तर बाई माज्याबरोबर पायर्‍यांवर उडया मारत बोलल्या." मी हात लावलेला नाही.

पानं दोऱ्याने शिवायची. निकाल हातात पडल्यावर द्यायची, आधी नाही, म्हणजे गुणांशी त्याचा संबंध कुणी जोडणार नाही. मुलांनीच द्यायची, पालकांची नावं कुठेच नकोत. सोबत अबोलीचा एक गजरा पुरे, आणि तो त्याच आईकडून, पूर्ण पैसे मोजून घ्यायचा.

कागद, दोरा आणि गजऱ्याचे मिळून प्रत्येकी दहा रुपयेसुद्धा पडत नाहीत. ते मी देते. पण ती यादी आधी ग्रुपवरून काढा, आजच्या आज.