कुलूप पुढे, बिजागरी मागे

बोर्डाचे पेपर कस्टडीत कसे ठेवतात आणि रनर ते केंद्रावर कसे नेतात, यावरच्या माझ्या मागच्या लेखावर आलेली प्रतिक्रिया: "कस्टडी, रनर, सीलबंद पाकिटं यांचं कौतुक पुरे झालं. इतकं सगळं असूनही पेपर फुटतातच ना? सकाळी पासवर्ड घालून पेपर ऑनलाइन पाठवा, केंद्रावरच छापा, विषय संपला. तुम्ही जुन्या पद्धतीला उगाच चिकटून बसला आहात."

तुमचा राग मला पटतो, आणि एक चूक आधी कबूल करतो. त्या लेखात मी सीलवर फार भर दिला होता. सील पेपर वाचवत नाही. कुणी हात लावला असेल तर ते सांगतं, आणि तेही नीट बघणाऱ्यालाच.

२०२४ ची नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा आठवा. ५ मे रोजी झारखंडमधल्या हजारीबागच्या एका शाळेत पेट्या सकाळीच पोचल्या होत्या आणि परीक्षा दुपारी दोनला होती. पेट्यांना कुलूप होतं, सील होतं. सीबीआयच्या तपासानुसार, ज्या खोलीत पेट्या ठेवल्या होत्या तिथे एका माणसाला आत सोडण्यात आलं. त्याने कुलपाला हातच लावला नाही. पेटीच्या मागच्या बिजागऱ्या काढल्या, पेपरचे फोटो घेतले आणि बिजागऱ्या परत बसवल्या. दुपारी ज्यांनी पेटी उघडली त्यांना पुढची बाजू जशीच्या तशी दिसली. तो आत गेला तो दाराच्या किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या त्यांच्याच मदतीने. आणि त्याला वेळ मिळाला: पेट्या केंद्रावर येणं आणि पेपर सुरू होणं यात कित्येक तास मोकळे होते.

माझ्या मते पेपर बहुतेक वेळा याच फटीतून जातो. छापखान्यातून किंवा कस्टडीतून जाण्यापेक्षा शेवटच्या टप्प्यात, अधिकृत माणसाच्या हातात, परीक्षेच्या आधीच्या वेळात.

आता तुमचा उपाय आकडे मांडून बघू. एका केंद्रावर बारावीचे ४०० विद्यार्थी, पेपर आठ पानांचा. म्हणजे ३,२०० पानं. मिनिटाला ४० पानं काढणारं चांगलं यंत्र धरलं, कागद एकदाही अडकला नाही असं मानलं, तरी ८० मिनिटं लागतात. पुढे पिना मारणं, मोजणं, वर्गनिहाय गठ्ठे लावणं. ११ च्या पेपरचा पासवर्ड नऊलाच द्यावा लागेल. दोन यंत्रं लावली तर तो वेळ कमी होतो, तरी तासभर लागतोच. तेवढा वेळ तो पेपर एका खोलीत, चार-पाच माणसांसमोर, उघडा पडून असतो. आज तो त्या वेळी पाकिटात बंद असतो. मुंबई विद्यापीठ कॉलेजांना पेपर ऑनलाइन पाठवतं, हे मला ठाऊक आहे. पण खेड्यातल्या केंद्रावर ऐन वेळी वीज गेली तर काय करणार? ट्रंकेची वाहतूक आणि कस्टडी तुमच्या पद्धतीत वाचते, हे खरं आहे. पण शेवटची फट रुंदावते.

म्हणून मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात: पाकीट लहान हवं आणि उघडा वेळ कमी हवा. आपल्या मंडळाने २५ प्रश्नपत्रिकांची पाकिटं आणली, ती वर्गातच मुलांसमोर फोडायची असतात. पूर्वी पेपर सुरू होण्याच्या दहा मिनिटं आधी प्रश्नपत्रिका वाटायची सवलत होती, ती २०२३ पासून बंद करून तीच दहा मिनिटं शेवटी दिली. मुलांना ते आवडलं नाही, पण निर्णय बरोबर होता.

तरी त्याच वर्षी ३ मार्चला बुलढाणा जिल्ह्यात बारावीच्या गणिताची पानं साडेदहाच्या सुमारास मोबाईलवर फिरली आणि शिक्षकांनाही अटक झाली. पाकीट लहान असलं तरी ते वेळेआधी फोडणारा आतलाच असेल, तर पाकीट काही करू शकत नाही. तिथे दुसरी माणसं लागतात. वर्गातल्या दोन मुलांना पाकीट हातात देऊन मगच सही घ्यायची ती त्यासाठी. दुर्दैवाने घाईत आधी पाकीट फुटतं, मग सही होते.

घाईत काय सुटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सहायक परिरक्षक असताना एका केंद्रावर पाकिटं देताना मी फक्त विषय, तारीख आणि वरचं सील बघत होतो. कस्टडी सांभाळणाऱ्या आमच्या परिरक्षकांनी एक पाकीट माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि तळाच्या चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला. एके ठिकाणी पट्टी किंचित जाड लागली, म्हणून ते उजेडात धरलं. पट्टीवर पट्टी चिकटवलेली होती. पाकीट बाजूला ठेवलं, पंचनामा झाला, वर कळवलं. तपासात तो छपाईच्या वेळचा दोष निघाला. पण तोवर कित्येक पाकिटं मी तळ न बघता दिली होती.

पुढच्या वेळी तुमच्या गावच्या केंद्रावर कुणी ओळखीचं असेल तर एवढंच विचारा: पाकिटं केंद्रावर किती वाजता येतात, आणि तिथून वर्गात जाईपर्यंत ती कुणाकुणाच्या नजरेसमोर असतात?