न्यूमा म्हणजे मेसेज पासिंग का नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

संगणकाच्या मेमरी-रचनांवरील माझ्या लेखातल्या तक्त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया : “तुम्ही न्यूमाला शेअर्ड मेमरीच्या रकान्यात टाकले आहे, ते मला पटत नाही. न्यूमामध्ये प्रत्येक नोडची मेमरी वेगळी असते आणि दूरची माहिती दुसऱ्या नोडकडून मागवावीच लागते. मग ते मेसेज पासिंगच झाले की! आणि परीक्षेतल्या वर्णनात्मक उत्तरात फरकांचा तक्ता पुरतो, इतके पाल्हाळ कशाला?”

आपल्या आक्षेपाचा पहिला अर्धा भाग अगदी बरोबर आहे. न्यूमा, म्हणजे जवळची मेमरी लवकर आणि दूरची उशिरा मिळणाऱ्या, यंत्रात मेमरी खरोखरच नोडनोडला, म्हणजे प्रोसेसर व मेमरीच्या एकेका गटाला, वाटलेली असते, आणि दूरच्या मेमरीतला मजकूर आणायचा झाला तर दोन नोडमधल्या जोडणीवरून एक विनंती जाते व तिचे उत्तर येते. चूक होते ती पुढच्या ‘म्हणजे’ या शब्दात. मेमरी कुठे ठेवली आहे हा एक प्रश्न आणि प्रोग्रामला ती कशी दिसते हा दुसरा. यूमा, म्हणजे सर्व मेमरीला सारखाच वेळ लागणारी रचना, आणि न्यूमा ही पहिल्या प्रश्नाची उत्तरे आहेत, तर शेअर्ड मेमरी आणि मेसेज पासिंग ही दुसऱ्या प्रश्नाची.

हे तपासण्याची माझी आवडती कसोटी पॉइंटरची आहे, आणि ती मी ठेच लागून शिकलो. मेसेज पासिंगवर पहिल्यांदा काम करताना मी लिंक्ड लिस्टचा एक नोड, त्यातल्या `next` पॉइंटरसकट, एका प्रोसेसकडून दुसरीकडे, मेसेज पासिंगसाठीच्या `MPI` लायब्ररीतल्या `MPI_Send` ने पाठवला. बाइट अगदी जसेच्या तसे पोहोचले. पण पलीकडच्या प्रोसेसने `next` मधल्या पत्त्यावर वाचायला जाताच ती सेगमेंटेशन फॉल्ट देऊन बंद पडली. तो पत्ता माझ्या प्रोसेसच्या पत्त्यांच्या जगातला होता. तिच्या जगात त्या आकड्यावर काहीच नव्हते. दुर्दैवाने तिथे दुसरे काही सापडले असते, तर प्रोग्राम कोसळलाही नसता आणि चुकीचे उत्तर देत राहिला असता. हाच पॉइंटर न्यूमा यंत्रावर एका थ्रेडने दुसऱ्या नोडवरच्या थ्रेडला दिला, तर तो बिनदिक्कत चालतो, कारण दोघांची ॲड्रेस स्पेस एकच आहे. तो पत्ता दूरच्या मेमरीतला असल्यामुळे वाचायला थोडा जास्त वेळ लागेल, इतकेच.

आता ती ‘मागवण्याची’ क्रिया जवळून पाहू, कारण आपला गोंधळ तिथे आहे. दोन सॉकेटचे यंत्र घ्या; प्रत्येक सॉकेटला स्वतःचा मेमरी कंट्रोलर आणि स्वतःची मेमरी. शून्य क्रमांकाच्या नोडवरचा कोर एक लोड सूचना चालवतो. मजकूर त्याच्या कोणत्याच कॅशमध्ये सापडत नाही. मग त्या भौतिक पत्त्यावरून हार्डवेअर ठरवते की ही जागा एक क्रमांकाच्या नोडची आहे, आणि सॉकेटमधल्या जोडणीवरून विनंती तिकडे जाते. तिथे आधी हे पाहावे लागते की त्या ओळीची बदललेली, ताजी प्रत कोणाच्या कॅशमध्ये तर नाही ना. नसेल तर मेमरीतून, असेल तर त्या कॅशमधून, 64 बाइटची पूर्ण ओळ परत येते. या सगळ्यात निरोपांची देवाणघेवाण झाली, यात शंका नाही. पण प्रोग्राममध्ये काय लिहिले होते? एकच लोड सूचना, जी जवळच्या मेमरीसाठीही हीच असते. पाठवणाऱ्याने काही पाठवले नाही, घेणाऱ्याने काही स्वीकारले नाही, आणि पलीकडच्या नोडवरच्या कोणत्याही थ्रेडला या व्यवहाराची खबरही नाही. मेसेज पासिंगमध्ये दोन्ही बाजूंच्या प्रोग्रामांना आपापली ओळ लिहावी लागते. निरोप तारेवरून जातो की नाही यावर वर्गीकरण ठरत नाही. तो प्रोग्रामने पाठवायचा असतो की हार्डवेअर परस्पर पाठवते, यावर ठरते.

उलट बाजूनेही हेच दिसते. एकाच यंत्रावर `MPI` च्या सोळा प्रोसेस चालवल्या, तर बहुतेक अंमलबजावण्या निरोप पोहोचवण्यासाठी आतून शेअर्ड मेमरीचाच तुकडा वापरतात. तरीही त्या प्रोग्रामला आपण मेसेज पासिंगचाच प्रोग्राम म्हणतो.

न्यूमा वेगळे का पडले, हे यूमाच्या मर्यादेतून कळते, आणि ते थोडक्यात सांगता येते. यूमामध्ये सर्व प्रोसेसर एका सामाईक बसवरून किंवा स्विचमधून एकाच मेमरीपर्यंत जातात, म्हणून कोणत्याही प्रोसेसरला कोणत्याही जागेसाठी सारखाच वेळ लागतो. प्रोसेसर वाढले की बसवर गर्दी होते आणि वेळ सारखा राहतो खरा, पण सगळ्यांसाठी सारखाच वाईट होतो. एएमडीने 2003 मध्ये ऑप्टेरॉनमध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या चिपवरच आणला, आणि नेहमीचे दोन सॉकेटचे सर्व्हरही न्यूमा झाले. ‘समान वेळ’ हे वर्णन मुख्य मेमरीपुरते असते, हेही लक्षात ठेवावे. कॅशमधला मजकूर यूमातही लवकरच मिळतो, पण त्यामुळे ते यंत्र न्यूमा होत नाही.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवतो. दहा कोटी `double` संख्यांची बेरीज करायची आहे. प्रत्येक संख्या 8 बाइटची, म्हणजे 80 कोटी बाइट. यंत्राला दोन नोड आहेत, प्रत्येकी आठ कोर, आणि सोळा थ्रेड त्यांवर सारखे वाटून बांधलेले आहेत.

```c
long n = 100000000; double s = 0.0, *a = malloc(n * sizeof(double));
for (long i = 0; i < n; i++) a[i] = 1.0;

#pragma omp parallel for reduction(+:s)
for (long i = 0; i < n; i++) s += a[i];
```

`#pragma omp` ची ओळ तिच्याखालचा लूप थ्रेडांत वाटून देते. उत्तर बरोबर येते. दोष दुसऱ्या ओळीत आहे. लिनक्स `malloc` च्या वेळी मेमरीची पाने प्रत्यक्षात देत नाही. एखाद्या पानाला जो थ्रेड पहिला हात लावतो, त्याच्या नोडवर शक्यतो ते पान ठेवले जाते. इथे सुरुवातीच्या किमती एकाच थ्रेडने भरल्या, म्हणून संपूर्ण ॲरे त्या एका नोडवर जाऊन बसला. समजा, जवळच्या वाचनाला 90 नॅनोसेकंद आणि दूरच्या वाचनाला 140 नॅनोसेकंद लागतात. आठ थ्रेडना 90 आणि आठ थ्रेडना 140, म्हणजे सरासरी 115. पण खरे नुकसान या सरासरीत दिसत नाही. सोळाही थ्रेड एकाच मेमरी कंट्रोलरवर तुटून पडले आहेत आणि दुसरा कंट्रोलर रिकामा बसला आहे. बेरजेसारखे काम मेमरीच्या वहनक्षमतेवरच अडत असल्याने, हा लूप जवळजवळ दुप्पट वेळ घेऊ शकतो.

उपाय एक-दोन ओळींचा आहे. किमती भरण्याच्या लूपवरही `#pragma omp parallel for` लिहायचे, आणि दोन्ही लूपना `schedule(static)` द्यायचे, म्हणजे ज्या थ्रेडने जो तुकडा भरला तोच तुकडा तो वाचतो आणि पाने दोन्ही नोडवर निम्मी-निम्मी बसतात. दोष ओळखायचा असेल तर `numastat -p` ला प्रोसेसचा क्रमांक देऊन पाहावे. त्या प्रोसेसची जवळजवळ सगळी मेमरी एकाच नोडच्या रकान्यात दिसली, तर हेच घडले आहे. लिनक्सचा कर्नल काही वेळा पाने स्वतःहून हलवून ही चूक थोडीफार निस्तरतो, पण छोट्या लूपला ती मदत पोहोचेपर्यंत लूप संपलेला असतो. `numactl --hardware` मध्ये दिसणारे हे आकडे मात्र जपून वापरा :

```
node distances:
node   0   1
  0:  10  21
  1:  21  10
```

यातले 10 आणि 21 फर्मवेअरने सांगितलेली सापेक्ष अंतरे आहेत, मोजलेली वेळ नव्हे. ‘दूरची मेमरी 2.1 पट मंद’ असा निष्कर्ष त्यांवरून काढणे चूक आहे, आणि तो मी बऱ्याच टिपणांत वाचला आहे.

हेच काम मेसेज पासिंगने केले तर ही चूक होण्याला जागाच उरत नाही, कारण प्रत्येक प्रोसेस आपला सोळावा हिस्सा आपल्याच मेमरीत भरते, त्याची बेरीज करते आणि शेवटी `MPI_Reduce` ने एकेक संख्या एकत्र येते. तिथल्या चुकांची जात निराळी असते. दोन प्रोसेसनी एकमेकींना मोठे तुकडे द्यायचे आहेत आणि दोघींनीही आधी `MPI_Send`, नंतर `MPI_Recv` असे लिहिले आहे, असे धरा. निरोप लहान असताना तो बफरमध्ये ठेवून `MPI_Send` परतते आणि सारे सुरळीत चालते. निरोप मोठा झाला की समोरच्याने `MPI_Recv` म्हणेपर्यंत दोघीही थांबून राहतात आणि प्रोग्राम कायमचा अडकतो. चाचणीत लहान आकडे घेतले होते, म्हणून ही चूक लपून राहिलेली असते. शेअर्ड मेमरीत याच्या तोडीची चूक म्हणजे वरच्या कोडमधले `reduction(+:s)` विसरणे : दोन थ्रेड `s` ची एकच जुनी किंमत वाचतात, दोघेही आपापली भर घालून परत लिहितात आणि एकाची भर हरवते. प्रोग्राम अडकत नाही, संपतोही वेळेवर, आणि प्रत्येक वेळी वेगळे, चुकीचे उत्तर देऊ शकतो.

म्हणून तक्त्याबद्दल माझे मत असे आहे की ‘शेअर्ड मेमरी : सोपी, मेसेज पासिंग : अवघड’ ही ओळ उत्तरात लिहू नये. शेअर्ड मेमरीत लिहिणे सोपे आणि चूक शोधणे अवघड. मेसेज पासिंगमध्ये देवाणघेवाण स्वतः लिहावी लागते, पण कोणता मजकूर केव्हा हलला हे कोड वाचून सांगता येते. एवढी दोन वाक्ये तक्त्याखाली लिहिल्यास तपासणाऱ्याला कळते की विद्यार्थ्याने फरक पाठ केलेला नाही.

आपल्या आक्षेपाचा एक भाग मात्र मी बिनशर्त मान्य करतो. मूळ लेखात मी यूमा, न्यूमा, शेअर्ड मेमरी आणि मेसेज पासिंग असे चार रकाने शेजारी शेजारी मांडले होते, आणि चार पर्यायांतून एक निवडायचा आहे असा समज त्या मांडणीनेच करून दिला. तो तक्ता मी मोडून दोन केले आहेत. पहिल्यात यूमा व न्यूमा, त्यात मेमरीची जागा, वाचनाचा वेळ, जोडणी आणि किती प्रोसेसरपर्यंत वाढवता येते हे मुद्दे. दुसऱ्यात शेअर्ड मेमरी व मेसेज पासिंग, त्यात ॲड्रेस स्पेस, देवाणघेवाणीची रीत, समन्वयाची साधने आणि चुकांचे स्वरूप. पहिल्या तक्त्याच्या वर एक वाक्य घातले आहे : ‘या दोन्ही प्रकारांत ॲड्रेस स्पेस एकच असते.’