आठ दिवे लागले म्हणून वायर पास होत नाही

«ऑफिसवाल्यांनो सावध! कॅट-५ई बाद झाली, कॅट-६ पण जाणार. जुनी वायर उपटून एकदाच कॅट-८ टाका, दहापट स्पीड, लांबी कितीही चालते. टेस्टिंगच्या नावाखाली लुटतात. साध्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले की वायर ओके. रंग कुठल्याही क्रमाने लावा, दोन्ही टोकांना सारखा असला म्हणजे झालं. सगळ्या ग्रुपवर पाठवा.»

हा मेसेज गेल्या महिनाभरात माझ्याकडे चारदा आला आणि चारही वेळा मी सोडून दिला. पाचव्यांदा तो दाजींकडून आला. खाली लिहिलं होतं, «काय रे, सगळी काढायची का?» दाजींचा टॉवेलचा धंदा आहे आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत बारा पॉइंटचं ऑफिस आहे. तिथली कॉम्प्युटर जोडायची नेटवर्कची वायर मीच टाकलेली, आणि कॅट-५ई, कॅट-६ हे त्याच वायरचे दर्जे. म्हणून आता उत्तर देणं भाग आहे.

आधी रंगांचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. ज्याने हे लिहिलं त्याने वायर आतून कधी बघितलेलीच नाही. आतल्या आठ तारा सुट्या नसतात. दोन-दोन तारांना पीळ घालून चार जोड्या केलेल्या असतात, आणि प्रत्येक जोडीचा पीळ मुद्दाम वेगळा ठेवतात. सुताच्या धंद्यातल्या माणसाला इंचाला किती पीळ हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. एका जोडीच्या दोन तारांत सिग्नल उलट-सुलट जातो. पीळ असल्यामुळे बाहेरचा त्रास दोन्ही तारांना सारखाच बसतो आणि पलीकडे वजा होऊन जातो. जोडी फुटली की ही वजाबाकीच होत नाही, आणि शेजारच्या जोडीतला सिग्नल हिच्यात उतरतो. त्यालाच क्रॉसटॉक म्हणतात.

नेटवर्कचं कार्ड टोकावरच्या आठ पिनांच्या जोड्या १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ अशा धरतं. मधली ३-६ वाकडी वाटते, पण ती तशीच आहे. नवखा मुलगा काय करतो, तर रंगाशेजारी रंग लावत १-२, ३-४, ५-६, ७-८ असं बसवतो, दोन्ही टोकांना अगदी सारखं. टेस्टर लावला की एकपासून आठपर्यंत दिवे ओळीने लागतात. लागणारच, कारण प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचलेली आहे. पण कार्डाच्या ३-६ जोडीची एक तार एका पिळातली असते आणि दुसरी दुसऱ्या पिळातली. ४-५ चंही तेच. दिव्याच्या टेस्टरला पीळ दिसत नाही, त्याला फक्त तार जुळली की नाही एवढं कळतं. या दोषाला स्प्लिट पेअर म्हणतात.

दाजींच्याच ऑफिसात हे घडलं होतं. मागच्या पॅकिंग हॉलमधला एक पॉइंट मी नसताना दुसऱ्या कोणीतरी बदलून घातला. वायर ४१ मीटर, दिवे आठच्या आठ. तक्रार एवढीच की हिशेबाचा बॅकअप तिथून रेंगाळत जायचा. पीसीवर हे बघितलं:

```
Get-NetAdapter | Format-List Name, LinkSpeed
```

बाकी अकरा पॉइंटवर `1 Gbps`, इथे `100 Mbps`. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. त्या नीट चालत नाहीत असं दिसलं की बरीच कार्डं गुपचूप शंभरवर उतरतात. शंभरला दोनच जोड्या पुरतात, १-२ आणि ३-६. पण त्यातली ३-६ सुद्धा फुटलेली होती, म्हणून स्विचच्या पोर्टवर सीआरसी चुकांचा, म्हणजे बिघडून पोचलेल्या डेटाचा, आकडा चढतच होता.

मग सर्टिफिकेशनचा टेस्टर एक दिवसासाठी भाड्याने आणला. टीआयए ५६८ हे या कामाचं मानक आहे. त्यात भिंतीतल्या पक्क्या जोडणीसाठी कॅट-६ ला १०० मेगाहर्ट्झवर जवळच्या टोकाचा क्रॉसटॉक किमान ४१.८ डीबी मागितला आहे. हा आकडा जितका मोठा तितकं चांगलं. ४१.८ म्हणजे शेजारच्या जोडीतून साधारण सव्वाशेव्या हिश्श्याएवढाच व्होल्टेज गळतो. आमच्या त्या पॉइंटवर ३-६ आणि ४-५ मध्ये १९ डीबी आले, म्हणजे नववा हिस्सा गळत होता. दोन्ही टोकं कापून जॅकवरच्या रंगाप्रमाणे पुन्हा बसवली आणि पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडा ठेवला नाही. आकडा ४६ वर गेला. वायर तीच होती. हे माप दोन्ही टोकांकडून घ्यावं लागतं, कारण लांबच्या टोकाचा दोष इकडे येईपर्यंत क्षीण होतो आणि पास झाल्यासारखा दिसतो.

आता कॅट-८. ती ज्या २५ आणि ४० गिगाबिटसाठी बनवली आहे, तो वेग ती फक्त ३० मीटरपर्यंत देते. डेटा सेंटरमध्ये एका रॅकवरून शेजारच्या रॅकवर जायला ती ठीक. दाजींचा स्विच गिगाबिटचा आहे, त्यामुळे वायर कुठलीही टाका, वेग तोच राहणार. शिवाय तिच्यावर शील्ड असते, तिला नीट अर्थिंग द्यावं लागतं.

लांबीची मर्यादा कॅट-५ई ला असो की कॅट-६ ला, गिगाबिटसाठी एकच: भिंतीत ९० मीटर आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड धरून १००. यंत्र नसेल तर वायरच्या सालीवर छापलेले मीटरचे आकडे वाचा. एका टोकाला २८७ आणि दुसऱ्याला २१४ असेल तर ७३ मीटर. फॉल्स सीलिंगवर गुंडाळून ठेवलेलं वेटोळंही त्यात आपोआप धरलं जातं. टेस्टर लांबी मोजतो ती सिग्नल जाऊन परत यायच्या वेळेवरून, म्हणून त्यात वायरचा वेगांक, म्हणजे सिग्नल तिच्यातून किती वेगाने जातो तो आकडा, नीट भरावा लागतो. चार जोड्यांच्या लांबीत मीटर-दोन मीटर फरक दिसला तर घाबरू नका, पीळ जास्त तिथे तार जास्त लागते. एकच जोडी ४१ ऐवजी १७ दाखवत असेल तर मात्र १७ मीटरवर ती तुटलेली आहे.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. भिंतीत जाणारी वायर पुन्हा पुन्हा बदलत नाहीत, म्हणून नवीन काम असेल तर कॅट-५ई ऐवजी कॅट-६ टाकावी. पुढे कधी दहा गिगाबिट लागलं तर ती ५५ मीटरपर्यंत चालू शकते. पूर्ण शंभर मीटर हवं असेल तर कॅट-६ए. पण कॅट-८ च्या नादात पैसे घालवण्यापेक्षा तार शुद्ध तांब्याची आहे का ते बघा. ब्लेडने खरवडल्यावर आत चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. सालीवर कॅट-६ छापलेलं असलं तरी ते मानकात बसत नाही, आणि त्याच वायरवरून कॅमेऱ्याला वीज दिली की ते जास्त तापतं.

तर दाजी, काही उपटू नका. पुढच्या खोलीतले चार पॉइंट जुन्या कॅट-५ई चे आहेत, त्यांचा क्रॉसटॉक त्याच दिवशी मोजला होता. त्यांना ३२.३ ची मर्यादा आहे आणि चारही तिच्या वर आहेत. तेवढं पॅकिंग हॉलच्या जॅकला मात्र मला विचारल्याशिवाय कोणाला हात लावू देऊ नका.