संशयित बदल म्हणजे शेवटचा कमिट नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: “तुमचा लेख वाचून आम्ही प्रत्येक रिग्रेशन फेल्युअरचे तिकीट काढून त्यावर ‘संशयित बदल’ लिहायला सुरुवात केली. दोन महिन्यांत ट्रॅकर कचऱ्याने भरला, आणि बहुतेक वेळा नाव लागले ते त्या संध्याकाळी शेवटचा कमिट करणाऱ्याचे. निम्म्याहून अधिक वेळा तो निर्दोष निघाला. ही पद्धत माणसांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते, असे माझे स्पष्ट मत आहे.”

उत्तर:

आपल्या तक्रारीतील एक भाग माझ्याच लेखातून आला आहे, हे आधी मान्य करतो. “फेल झालेल्या कोडला ज्याने शेवटचा हात लावला तो बदल जोडावा” असे वाक्य मी लिहिले होते, आणि ते चुकीचे होते. मात्र निर्दोष निघालेली नावे नेमकी संध्याकाळच्या शेवटच्या कमिटचीच असावीत, हा योगायोग नसावा. त्याचे कारण बहुधा पद्धतीच्या एका विशिष्ट पायरीत आहे, आणि ते आमच्या वडोदऱ्यातील अलकापुरीच्या कार्यालयातल्या एका सकाळच्या उदाहरणावरून सांगतो.

आमचे काम बिलिंगच्या प्रणालीचे आहे. त्या सकाळी रात्रीच्या रनमध्ये ४१ चाचण्या पडल्या होत्या आणि मधल्या काळात १९ मर्ज झाले होते. ४१ तिकिटे काढली असती तर आमचाही ट्रॅकर त्याच दिवशी भरला असता. आम्ही एररचा मजकूर न पाहता एररचा प्रकार आणि स्टॅक ट्रेसमधली आमच्या स्वतःच्या कोडची सर्वांत वरची ओळ पाहून गट पाडतो, कारण मजकुरात बिल क्रमांक आणि रकमा असतात आणि त्यामुळे एकच दोष चौतीस वेगवेगळ्या रूपांत दिसतो. असे गट पाडल्यावर तीनच तिकिटे उरली: ३४ चाचण्यांचे एक, सहांचे एक आणि एकट्या चाचणीचे एक.

पहिल्या गटात बिलाची बेरीज एका पैशाने कमी येत होती. राउंडिंगच्या फाइलला आदल्या दिवशी ज्याने हात लावला होता, तो आमचा सहकारी चहाचा कप टेबलावर ठेवून गुजरातीत म्हणाला, “एमां मारो शुं वांक?”, म्हणजे यात माझा काय दोष? माझ्या लेखातल्या वाक्याप्रमाणे गेलो असतो तर तिकिटावर त्याचाच बदल लागला असता. त्याऐवजी आम्ही गिटचा बायसेक्ट चालवला. तो चांगल्या आणि वाईट कमिटमधले अंतर दर पायरीला निम्मे करत अपयश जिथून सुरू झाले तो कमिट शोधतो. इथे `nightly-12` हा त्या रात्रीच्या रनचा कमिट आणि `nightly-11` हा आदल्या रात्रीचा:

```
git bisect start --first-parent nightly-12 nightly-11
git bisect run /tmp/check.sh
```

`check.sh` मध्ये दोनच ओळी होत्या:

```
./gradlew testClasses || exit 125
./gradlew test --tests '*BillTotal*'
```

`125` हा कोड म्हणजे “हा कमिट तपासता येत नाही, तो वगळा”. तो दिला नाही, तर निव्वळ बिल्ड मोडलेला कमिटही ‘वाईट’ ठरतो. स्क्रिप्ट `/tmp` मध्ये ठेवण्याचे कारण असे, की जुन्या कमिटवर गेल्यावर ती रेपॉझिटरीतून नाहीशी होऊ नये. (आणखी एक सापळा: चाचणीच नवी असेल आणि जुन्या कमिटमध्ये नसेल, तर ग्रेडल “जुळणारी चाचणी नाही” म्हणून अपयश देते, आणि बायसेक्ट ते खरे अपयश समजतो.) १९ मर्जसाठी फार तर पाच पायऱ्या लागतात, आणि दर पायरीला आमच्याकडे अकरा मिनिटे जातात, म्हणजे सुमारे एका तासाचे काम.

निघाला तो राउंडिंगचा बदल नव्हताच. एका मर्जमध्ये जेसन वाचणाऱ्या लायब्ररीची आवृत्ती वाढवली होती, आणि नवी आवृत्ती दशांश संख्या `double` म्हणून वाचत होती. १.००५ ही संख्या `double` मध्ये नेमकी बसत नाही, ती १.००५ पेक्षा किंचित कमी साठवली जाते, आणि म्हणून दोन दशांशांपर्यंत ती १.०१ न होता १.०० होते. तिकिटावर आधी “शंका; कशावरून: बायसेक्ट” एवढेच लिहिले. मग ताज्या कोडवर तेवढा एकच मर्ज उलटवून चौतीसही चाचण्या पुन्हा चालवल्या, त्या सर्व पास झाल्या, आणि तेव्हाच “शंका” बदलून “सिद्ध” केले. बायसेक्ट फक्त अपयश कुठे सुरू झाले ते दाखवतो, त्यामुळे जुना दोष केवळ उघडा पाडणारा बदलही त्यात सापडू शकतो. म्हणून हे दोन शब्द वेगळे ठेवावेत.

आता आपल्या तक्रारीच्या गाभ्याकडे येतो. दुसऱ्या गटातील सहा चाचण्या बिलाच्या तारखेच्या होत्या, आणि सकाळी दहा वाजता त्याच `nightly-12` वर चालवल्या तेव्हा त्या पास झाल्या. समजा, ही खात्री न करताच आम्ही बायसेक्ट सुरू केला असता. पहिल्या ओळीत आपण `nightly-12` ला वाईट म्हणून सांगितलेले असते आणि गिट ते आपल्या शब्दावर मान्य करतो, स्वतः तपासून पाहत नाही. मग दिवसा प्रत्येक पायरीवर चाचणी पास होते, प्रत्येक मधला कमिट ‘चांगला’ ठरतो, आणि शेवटी शिल्लक राहतो तो वाईट म्हणून आपणच सांगितलेला कमिट, म्हणजे संध्याकाळचा शेवटचा. गिट तो अगदी ठामपणे “first bad commit” म्हणून छापतो. आपल्याकडे नावे लागली ती बहुधा अशीच.

खरे कारण कोडमध्ये नव्हते. त्याच दिवशी रात्रीच्या रनची वेळ अकरावरून दोनवर नेली होती. भारतात पहाटेचे दोन वाजतात तेव्हा यूटीसीत आदल्या दिवशी रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. सर्व्हर यूटीसीची तारीख घेत होता आणि चाचणी भारतीय तारखेची अपेक्षा करत होती, त्यामुळे मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंत दोन्हींत एका दिवसाचा फरक पडणारच होता. तिकिटावर संशयित बदल म्हणून वेळापत्रकाच्या बदलाचा दुवा लागला. मूळ दोष मात्र कितीतरी आधीच्या कोडमधला होता, म्हणून त्याचे स्वतंत्र तिकीट काढले.

तिसरी एकटी चाचणी त्याच कमिटवर वीस वेळा चालवली, त्यांत तीनदा पडली. अशा चाचणीचा एका पायरीवरचा एक ‘पास’ जवळजवळ निरर्थक असतो. अपयशाचे प्रमाण साधारण १५ टक्के असेल, तर सलग वीस वेळा पास झाल्यावरही दोष असूनसुद्धा तो सुटण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास राहते, आणि हे प्रत्येक पायरीवर करावे लागते. आम्ही तिथे ‘संशयित बदल’ हा रकाना कोराच ठेवला. आपल्या ट्रॅकरने तो रकाना सक्तीचा केला असेल, तर आधी ती सक्ती काढा, कारण सक्ती असली की माणूस काहीतरी भरतोच.

माणसांच्या बाबतीत आपले म्हणणे मला पटते. मोझिलाच्या बगझिलामध्ये “Regressed by” नावाचा रकाना आहे आणि त्यात दुसऱ्या तिकिटाचा क्रमांक जातो, व्यक्तीचे नाव नाही. आम्हीही आता तसेच करतो. बदल करणाऱ्याला सूचना मिळते, पण तिकीट त्याच्या नावावर आपोआप जात नाही.

सध्याच्या ढिगाऱ्याबद्दल एक सुचवतो. ज्या तिकिटांत संशयित बदल हाच तपासलेल्या टप्प्याचा शेवटचा कमिट आहे, तेवढीच वेगळी काढा. त्या कमिटवर ती चाचणी एकदा दिवसा आणि एकदा रात्रीच्या रनच्या वेळी, त्याच मशीनवर चालवून पाहा. जी दिवसा पास होऊन रात्री पडतात, त्यांचे संशयित बदल आधी पुसून टाका आणि ज्यांची नावे लागली होती त्यांना तसे कळवा.