मधला भाग कापू नका, पुन्हा लिहा

आज दुपारी एका मराठी चॅनेलच्या मालकांनी यूट्यूब स्टुडिओमधला रिटेन्शन ग्राफ, म्हणजे व्हिडिओच्या प्रत्येक क्षणी किती टक्के प्रेक्षक टिकून आहेत ते दाखवणारा आलेख, फोनवर उघडून आमच्या तरुण लेखिकेसमोर धरला आणि "लोकांना इतिहास नको असतो, मधली दोन मिनिटे कापून टाका," असे सर्वांदेखत सुनावले. मी त्या चॅनेलच्या स्क्रिप्ट तपासते. ज्याला तो आलेख वाचता येतो त्याने असे बोलणे मला सहन होत नाही, आणि ज्याला वाचता येत नाही त्याने तो कोणाच्या तोंडासमोर धरू नये.

व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे आणि विषय आहे, धरणामुळे भूकंप होऊ शकतो का. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला हादरवणारा भूकंप हे त्यातले मुख्य उदाहरण. आलेखाची रेषा सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात उतरते, तशी ती जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत उतरते. त्यानंतर ती संथपणे खाली येत राहते आणि पावणेचार मिनिटांच्या सुमारास एकदम पायरी उतरल्यासारखी बावन्न टक्क्यांवरून अडतीसवर येते. पुढे सातव्या मिनिटाला आणखी एक खड्डा आहे, पण तिथे रेषा लगेच वर येते.

मालकांना दोन्ही सारखेच दिसले, आणि माझा संताप तिथेच आहे. रेषा खाली जाऊन पुन्हा वर आली, तर लोकांनी तेवढा तुकडा ओलांडला आणि ते पुढे पाहत राहिले. सातव्या मिनिटाला प्रायोजकाची जाहिरात आहे, त्यामुळे तो खड्डा समजण्यासारखा आहे. रेषा खाली गेली आणि खालीच राहिली, तर मात्र माणसे निघून गेली. पहिल्या प्रकारात तुकडा लहान करावा. दुसऱ्या प्रकारात, माणूस निघण्यापूर्वी शेवटचे कोणते वाक्य ऐकत होता, ते शोधावे लागते, म्हणून पायरीच्या पंधरा-वीस सेकंद आधीपासून स्क्रिप्ट मोठ्याने वाचावी लागते.

आम्ही तसे वाचले. तिथे निवेदक सांगतो की होय, जलाशयामुळे भूकंप होऊ शकतो असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. लगेच पुढचे वाक्य येते: "हे समजून घेण्यासाठी आधी कोयना प्रकल्पाचा इतिहास पाहू." शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि त्यापाठोपाठ मागे जाण्याची सूचना आली, मग प्रेक्षकाने थांबावे कशासाठी? त्याचा कंटाळा इतिहासामुळे आलेला नाही. त्याच्याजवळ प्रश्नच उरला नव्हता. नवीन प्रेक्षक आणि परत येणारे प्रेक्षक वेगळे करून पाहिले, तर नव्यांची पायरी अधिक खोल दिसते. चॅनेलची सवय असलेले लोक विश्वासावर थोडे थांबले, एवढेच.

आलेख 'का' सांगत नाही, हे मान्य. कोणाच्या घराची घंटाही वाजली असेल. पण सगळ्यांच्या घराची घंटा एकाच सेकंदाला वाजत नाही.

आता कापण्याविषयी. यूट्यूबवर त्याच लिंकवर दुसरा व्हिडिओ ठेवता येत नाही, त्याच्या संपादन साधनात तुकडा मात्र काढता येतो, म्हणून मालकांना तो मार्ग सोपा वाटतो. परंतु जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले, ही बाब नेमकी त्याच दोन मिनिटांत आहे. ती काढली तर १९६७ या सालाला आधीचा संदर्भच उरत नाही आणि निघून जाण्याची जागा काही सेकंदांनी पुढे सरकते.

त्या मुलीने संध्याकाळी शांतपणे बसून मधला भाग नव्याने लिहिला, आणि तो वाचताना माझा राग बराच उतरला. 'होय' हे उत्तर तिने पुढे ढकलले. आता त्या ठिकाणी निवेदक म्हणतो की पाणी साठू लागल्यानंतर लहान धक्के जाणवू लागले होते, मग मोठा भूकंप यायला पाच वर्षे का लागली? प्रकल्पाची जी माहिती या प्रश्नासाठी लागते तेवढीच राहिली. टप्प्यांची यादी गेली. त्यानंतर खडकांच्या भेगांतून पाण्याचा दाब खोलवर पोहोचायला वेळ लागतो, आणि आधीच ताणाखाली असलेल्या प्रस्तरभंगाला घट्ट धरून ठेवणारे घर्षण त्या दाबामुळे कमी होते, हे स्पष्टीकरण येते. 'होय' त्याच्या शेवटी येते, आणि तेव्हा ते प्रेक्षकाला पटलेले असते. इतिहास तोच आहे, आता त्याला काम मिळाले आहे.

मालकांनी सुधारित व्हिडिओ नव्याने चढवायला अखेर होकार दिला, थोडा नाखुशीने. आकडे यायला एक-दोन दिवस लागतील. तेव्हा मी एकूण सरासरी पाहणार नाही, कारण नवा व्हिडिओ वेगळ्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचेल आणि तिची तुलना फसवी ठरेल. चौथ्या मिनिटाच्या आसपास रेषेचा उतार आधीच्या आणि नंतरच्या मिनिटांसारखाच संथ राहतो का, तेवढे पाहीन. पायरी पुन्हा दिसलीच, तर तिच्या आधीची वीस सेकंदे आम्ही पुन्हा मोठ्याने वाचू.