रिपोर्ट कार्ड आणि स्कोअरकार्डची गल्लत: खुलासा

“सिटिझन रिपोर्ट कार्ड आणि कम्युनिटी स्कोअरकार्ड एकच, दोन्हींत लोक सेवेला गुण देतात.”

सार्वजनिक सेवांचा दर्जा लोकांकडून तपासून घेण्याच्या या दोन पद्धतींबद्दल असे म्हटले जाते, पण तसे नाही. बंगळुरूच्या १९९४ च्या रिपोर्ट कार्डसाठी नमुना पद्धतीने कुटुंबे निवडली आणि सेवा घेतलेल्यांना अनुभव विचारला: काम झाले का, लाच द्यावी लागली का, समाधानी आहात का. म्हणून त्यातली टक्केवारी शहराला लागू होते.

केअर या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेने २००२ मध्ये आफ्रिकेतल्या मलावीत विकसित केलेले स्कोअरकार्ड गटचर्चेतून भरले जाते. समजा, दवाखान्यातल्या औषधसाठ्याला महिलांचा गट पाचपैकी २ गुण देतो आणि कर्मचारी ४. मग दोघे समोरासमोर बसून तफावतीचे कारण शोधतात, कोण काय कधीपर्यंत करणार ते ठरवतात. अशा गुणांची सरासरी काढून जिल्ह्याचे समाधान जाहीर करणे चुकीचेच; गटात बोलक्यांचे मत वरचढ ठरते आणि निकषही गावागणिक बदलतात.